बाण खरा कोणत्या वाटेने जातो? डेटा फ्लो डायग्राममधील विश्वाससीमा आणि फेरफाराच्या जागा

एखाद्या संगणकप्रणालीवर कोण, कुठून आणि कशा प्रकारे हल्ला करू शकेल, याचा आधीच बसून केलेला पद्धतशीर विचार म्हणजे थ्रेट मॉडेलिंग. हा विचार बहुधा एका चित्रापासून सुरू होतो. त्या चित्राला डेटा फ्लो डायग्राम, थोडक्यात डीएफडी, म्हणतात. माहिती कुठून निघते, कोणाच्या हातातून जाते, कुठे साठते आणि शेवटी कोणाकडे पोहोचते, एवढेच ते चित्र सांगते. या लेखात पैसे भरण्याच्या एकाच व्यवहाराचा डीएफडी आपण काढणार आहोत, त्यावर विश्वाससीमा आखणार आहोत आणि त्या चित्राच्या आधारे माहितीत फेरफार होऊ शकणाऱ्या जागा शोधणार आहोत.

डीएफडी ही मूळची सुरक्षेसाठी बनलेली गोष्ट नव्हे. १९७० च्या दशकात सॉफ्टवेअरची रचना समजून घेण्यासाठी ही चित्रे काढली जाऊ लागली आणि सुरक्षेचे काम करणाऱ्यांनी ती नंतर उचलली. या चित्रात चारच प्रकारच्या गोष्टी असतात. आपल्या ताब्यात नसलेला माणूस किंवा प्रणाली चौकोनाने दाखवतात, माहितीवर काम करणारा प्रोग्रॅम वर्तुळाने, माहितीचा साठा दोन समांतर रेघांनी आणि माहितीचा प्रवाह बाणाने. थ्रेट मॉडेलिंगमध्ये यांत पाचवी गोष्ट येते, ती म्हणजे तुटक रेघ. हीच ट्रस्ट बाउंडरी. या लेखात तिला विश्वाससीमा म्हटले आहे.

फेरफार हा धोक्याचा एक ठरलेला प्रकार आहे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील लॉरेन कोनफेल्डर आणि प्रेरित गर्ग यांनी धोक्यांची सहा गटांत विभागणी मांडली. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तिला स्ट्राइड हे नाव मिळाले. त्यातील ‘टी’ हे अक्षर टॅम्परिंगचे, म्हणजे माहितीत किंवा प्रोग्रॅममध्ये परवानगीशिवाय बदल करण्याचे. उरलेले पाच गट महत्त्वाचे असले तरी या लेखात आपण या एकाच गटाचा माग घेऊ, कारण चित्र नीट काढले आहे की नाही हे फेरफाराचा शोध घेताना सर्वांत लवकर कळते.

व्यवहार आणि त्याचे पहिले, चुकीचे चित्र

एक ऑनलाइन दुकान घेऊ. ग्राहक ब्राउझरमधून वस्तू निवडतो, दुकानाचा वेबसर्व्हर ऑर्डर तयार करून डेटाबेसमध्ये नोंदवतो, पैसे घेण्याचे काम पेमेंट गेटवे नावाची बाहेरची सेवा करते, आणि पैसे मिळाल्याचे कळले की दुकानाचा दुसरा एक प्रोग्रॅम वस्तू पाठवण्याची सूचना गोदामाला देतो. ऑर्डरचा क्रमांक १०४२ आणि रक्कम ९०० आहे असे मानू.

हे चित्र फळ्यावर काढायला सांगितले, तर बहुतेक जण दुकानाच्या वर्तुळापासून गेटवेच्या चौकोनापर्यंत एक सरळ बाण काढतात आणि त्यावर ‘रक्कम’ असे लिहितात. गेटवेकडून दुकानाकडे दुसरा बाण येतो आणि त्यावर ‘पैसे मिळाले’ असे लिहिले जाते. दोन्ही बाण दोन संस्थांमध्ये, दोन सर्व्हरांमध्ये, सुरक्षित जोडणीवरून जाताना दिसतात. असे चित्र पाहून फेरफाराची शंका येण्याचे कारण उरत नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक दुकानांमध्ये रक्कम या वाटेने जातच नाही. दुकानाचा सर्व्हर एक फॉर्म तयार करतो, त्यात ऑर्डरचा क्रमांक आणि रक्कम भरतो, आणि तो फॉर्म ग्राहकाच्या ब्राउझरकडे पाठवतो. मग ब्राउझर तो गेटवेकडे सादर करतो. पैसे भरल्यावर निकालही अनेकदा तसाच परत येतो: गेटवे ब्राउझरला दुकानाच्या वेबपत्त्यावर वळवतो आणि निकाल त्या पत्त्याबरोबर येतो.

म्हणजे सरळ दिसणारा एक बाण खरे तर दोन बाणांचा मिळून झालेला असतो आणि त्या दोघांच्या मध्ये ग्राहकाचा ब्राउझर असतो. माझ्या मते डीएफडीतली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. चित्र काढणारा माहिती कोणासाठी आहे हे दाखवतो, ती कोणाच्या हातातून जाते हे दाखवत नाही. आणि फेरफार होतो तो नेमका त्या मधल्या हातात.

दुरुस्त केलेले चित्र

खरी वाट दाखवली की चित्रातील प्रवाह पुढीलप्रमाणे दिसतात. ‘रांग’ म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्यासाठी संदेश ठेवण्याची जागा, आणि ‘पाठवणी’ म्हणजे गोदामाला सूचना देणारा प्रोग्रॅम. क्रमांक केवळ बोलण्याच्या सोयीसाठी आहेत. डीएफडीत काळाचा क्रम दाखवायचा नसतो.

```
1. ब्राउझर     -> वेबसर्व्हर   : वस्तूंचे कोड, नग
2. वेबसर्व्हर   -> डेटाबेस     : ऑर्डर क्रमांक, रक्कम, स्थिती
3. वेबसर्व्हर   -> ब्राउझर     : ऑर्डर क्रमांक, रक्कम, सही
4. ब्राउझर     -> गेटवे       : ऑर्डर क्रमांक, रक्कम, सही
5. गेटवे       -> ब्राउझर     : निकाल
6. ब्राउझर     -> वेबसर्व्हर   : निकाल
7. गेटवे       -> वेबसर्व्हर   : निकालाची थेट सूचना
8. वेबसर्व्हर   -> रांग        : पाठवणीचा संदेश
9. रांग        -> पाठवणी     : पाठवणीचा संदेश
10. डेटाबेस    -> वेबसर्व्हर   : वस्तूंच्या किमती, ऑर्डरची नोंद
```

बाणावर माहितीचे नाव लिहिले आहे, ‘पाठवतो’ किंवा ‘विचारतो’ असे क्रियापद नाही, हे लक्षात घ्यावे. क्रियापद लिहिले की नेमके काय बदलले जाऊ शकते हा प्रश्नच उभा राहत नाही. त्याचप्रमाणे दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण टाळावा. तिसऱ्या प्रवाहात रक्कम आपण देतो, तर सहाव्या प्रवाहात निकाल समोरून घेतो. या दोन्ही प्रवाहांचे धोके वेगळे आहेत आणि एकाच बाणात ते एकमेकांत मिसळून जातात.

सातवा प्रवाह म्हणजे वेबहुक. पैसे भरल्यावर ग्राहकाने ब्राउझर बंद केला तरी दुकानाला निकाल कळावा, म्हणून गेटवेचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला थेट संदेश पाठवतो, त्याला हे नाव आहे. पाचवा-सहावा प्रवाह आणि सातवा प्रवाह एकच बातमी आणतात, मात्र वेगवेगळ्या वाटांनी. हा फरक पुढे फार कामाला येईल.

विश्वाससीमा कुठे आखायची

विश्वाससीमा म्हणजे नेटवर्कची सीमा नव्हे, आणि संस्थेच्या मालकीची सीमा तर मुळीच नव्हे. ती आखताना विचारायचा प्रश्न असा आहे: रेघेच्या या बाजूला माहिती किंवा प्रोग्रॅम कोण बदलू शकतो, आणि त्या बाजूला कोण बदलू शकतो? दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणजे तीच माणसे आणि तेच प्रोग्रॅम असतील, तर तिथे सीमा नाही. उत्तरे वेगळी असतील, तर तिथे सीमा आहे, मग दोन्ही गोष्टी एकाच यंत्रावर चालत असल्या तरीही.

या प्रश्नाने ब्राउझरची जागा लगेच ठरते. ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा कोड दुकानाने लिहिलेला असतो, म्हणून तो दुकानाच्या बाजूला दाखवण्याचा मोह होतो. परंतु तो चालतो ग्राहकाच्या यंत्रावर, आणि तिथे तो कोड, फॉर्ममधले लपवलेले रकाने, कुकी, पत्त्यातील अक्षरे यांपैकी काहीही बदलण्याची साधने ब्राउझरमध्येच असतात. तेव्हा ब्राउझर सीमेच्या पलीकडे जातो आणि त्याबरोबर आपण लिहिलेला तो कोडही पलीकडे जातो. त्या कोडमध्ये केलेली कोणतीही तपासणी ग्राहकाच्या सोयीची असते. सुरक्षेच्या हिशेबात तिला स्थान नाही.

इथे एक गैरसमज वारंवार आढळतो. जोडणी एचटीटीपीएसची आहे, मग रकमेत बदल कसा होईल, असे विचारले जाते. एचटीटीपीएसमागील टीएलएस ही पद्धत तारेवर बसलेल्या तिऱ्हाइतापासून माहितीचे रक्षण करते. तिचे एक टोक मात्र ब्राउझरच्या आतच आहे. बदल करणारा तारेवर नसून त्या टोकावर बसला असेल, तर बदललेली रक्कमच कुलूपबंद होऊन सुखरूप पोहोचते. म्हणून पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या बाणावर टीएलएस असूनही फेरफाराची खूण करावीच लागते.

दुसरी सीमा गेटवेभोवती येते, कारण तिथले प्रोग्रॅम आपण बदलू शकत नाही आणि आपल्या सर्व्हरवरचे त्यांना बदलता येत नाहीत. तिसरी सीमा मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. आपल्या उदाहरणात संदेशांची रांग दुकानाचे इतर प्रोग्रॅमही वापरतात. समजा, जाहिरातीचे ईमेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमलाही त्या रांगेत लिहिण्याची परवानगी आहे. मग वेबसर्व्हर आणि रांग एकाच आतल्या नेटवर्कवर असल्या तरी त्यांच्यामध्ये सीमा आहे, कारण रांगेत लिहू शकणाऱ्यांची यादी वेबसर्व्हर बदलू शकणाऱ्यांच्या यादीपेक्षा मोठी आहे. ‘आतले नेटवर्क’ असे लिहून सगळ्याला एकच मोठा चौकोन घातला, की हा फरक दिसेनासा होतो.

तुटक रेघ ओढताना ती एखाद्या वर्तुळाच्या मधून जाऊ लागली, तर ते वर्तुळ दोन वर्तुळांत फोडावे. ब्राउझर आणि सर्व्हर मिळून ‘वेबसाइट’ नावाचे एकच वर्तुळ काढलेले असते तेव्हा हे घडते. एखादी रेघ कोणत्याही बाणाला छेदत नसेल, तर तिचा या कामात उपयोग नाही. आणि एखाद्या साठ्यात बाण जातात पण एकही बाहेर येत नाही, किंवा बाहेर येतात पण आत काहीच जात नाही, असे दिसले तर चित्रातून कोणीतरी सुटले आहे असे समजावे.

सीमा ओलांडणारा प्रत्येक बाण तपासताना

आता सीमा ओलांडणाऱ्या बाणांकडे जाऊ. प्रत्येक बाणापाशी विचारायचे ते असे, की या माहितीतला प्रत्येक घटक बदलला तर पलीकडच्या बाजूला काय घडेल आणि ते कोणाच्या लक्षात येईल.

पहिल्या बाणावर वस्तूंचे कोड आणि नग आहेत. त्यात किंमत नाही, आणि ती असू नये. काही दुकानांमध्ये टोपलीतील प्रत्येक वस्तूबरोबर तिची किंमतही ब्राउझरकडून परत येते. तसे असेल तर हल्ला करणाऱ्याला दुसरे काहीच शोधावे लागत नाही. किंमत सर्व्हरने स्वतःच्या साठ्यातून घ्यावी. उरले नग: नगांच्या जागी उणे एक लिहिले, तर एक महाग आणि एक उणी स्वस्त वस्तू मिळून एकूण रक्कम कमी होते. हा बदल किमतीला हात न लावता केलेला फेरफार आहे, म्हणून नगांची खालची आणि वरची मर्यादा सर्व्हरवर तपासावी लागते.

तिसरा आणि चौथा बाण एकत्र पाहावे लागतात. दुकान रक्कम लिहून देते, ब्राउझर ती नेतो, गेटवे वाचतो. वाटेत ९०० चे ९ होऊ नयेत म्हणून दुकान आणि गेटवे यांच्यात आधीच ठरलेल्या गुप्त किल्लीने त्या मजकुरावर सही केली जाते. यासाठी एचएमएसी ही पद्धत नेहमी वापरली जाते. किल्ली आणि मजकूर मिळून एक ठसा तयार होतो. मजकुराचे एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही, आणि किल्लीशिवाय नवा ठसा बनवता येत नाही. चित्रावर आपण तिसऱ्या बाणाच्या उगमापाशी ‘इथे सही’ आणि चौथ्या बाणाच्या टोकापाशी ‘इथे तपासणी’ अशी खूण करतो. मधला ब्राउझर फक्त वाहक उरतो.

पण सहीची खूण केली म्हणून काम संपत नाही. सही कशावर केली ते पाहावे लागते. समजा, ऑर्डरचा क्रमांक आणि रक्कम एकापुढे एक जोडून त्या अक्षरमाळेवर सही केली. ऑर्डर १०४ आणि रक्कम २९०० यांची माळ होते १०४२९००. ऑर्डर १०४२ आणि रक्कम ९०० यांचीही माळ होते तीच. म्हणजे एकाच सहीवर दोन वेगळे अर्थ बसतात, आणि किल्ली हातात नसताना रकान्यांची सीमा सरकवता येते. म्हणून रकान्यांच्या मध्ये त्यांच्या आत कधीच न येणारे विभाजक चिन्ह असावे, किंवा प्रत्येक रकान्याची लांबी आधी लिहावी. शिवाय चलनासारखा रकाना सहीच्या बाहेर राहिला असेल, तर रकमेचा आकडा तोच ठेवून चलन बदलता येते. बाणावर माहितीचे सगळे रकाने लिहिण्याचा आग्रह यासाठीच असतो: सहीतून सुटलेला रकाना त्यामुळे डोळ्यांसमोर येतो.

चित्रामुळे इथे आणखी एक उपाय सुचतो, आणि तो मला सहीपेक्षाही चांगला वाटतो. रक्कम ब्राउझरमार्फत पाठवायचीच कशाला? दुकानाच्या सर्व्हरने ऑर्डरची माहिती गेटवेला थेट द्यावी, गेटवेने त्याबदल्यात एक अर्थहीन ओळखक्रमांक द्यावा, आणि ब्राउझरच्या हाती फक्त तो क्रमांक जावा. अनेक गेटवे ही सोय देतात. चित्रात याचा अर्थ असा होतो, की ‘रक्कम’ हा शब्द ब्राउझरला लागलेल्या बाणांवरून नाहीसा होतो. तपासण्या वाढवण्याऐवजी बाणच हलवला, की तपासायची जागाच कमी होते.

परतीची वाट

पाचव्या बाणाने निकाल ब्राउझरकडे येतो आणि सहाव्याने तो दुकानाकडे पोहोचतो. निकालावर सही नसेल, तर ग्राहकाने पैसे न भरताच ‘यशस्वी’ असे लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाइप केला तरी दुकान वस्तू पाठवील. सही असली तरी एक गोष्ट उरते: सही खरी असूनही ती दुसऱ्याच ऑर्डरची असू शकते. हल्ला करणारा ९ रकमेची ऑर्डर १०४३ तयार करतो, तिचे पैसे प्रामाणिकपणे भरतो, आणि तिचा खरा, सहीचा निकाल १०४२ च्या परतीच्या पानावर सादर करतो. दुकानाचा प्रोग्रॅम सही तपासतो, ती जुळते, आणि ऑर्डरचा क्रमांक निकालातून न घेता चालू सेशनमधून घेतल्यामुळे १०४२ वर ‘पैसे मिळाले’ अशी नोंद होते. सही मजकूर बदलला नाही एवढेच सांगते, तो मजकूर कशाबद्दल आहे हे आपणच जुळवून पाहायचे असते.

त्यामुळे या रचनेत सहावा बाण फक्त ग्राहकाला पान दाखवण्यापुरता वापरावा आणि पैसे मिळाल्याचा पुरावा सातव्या बाणावरूनच घ्यावा, असा निर्णय मी करीन. सातवा बाण ब्राउझरला स्पर्श करत नाही, तरीही तो सीमा ओलांडतो, कारण वेबहुकचा पत्ता इंटरनेटवर उघडा असतो आणि त्यावर कोणीही संदेश पाठवू शकतो. म्हणून तिथेही सही तपासावी लागते, आणि ती तपासण्याची जागा फार नेमकी आहे:

```python
expected = hmac.new(key, raw_body, hashlib.sha256).hexdigest()
if not hmac.compare_digest(expected, received):
    abort(400)
```

इथे `raw_body` म्हणजे जसाच्या तसा आलेला मजकूर. आधी जेसन उलगडून, मग पुन्हा जुळवून त्यावर सही तपासली, तर मोकळ्या जागा किंवा रकान्यांचा क्रम बदलल्याने खरे संदेशही नाकारले जातात. आणि असे होऊ लागले की वैतागून ती तपासणीच कोणीतरी काढून टाकते. तुलनेसाठी साध्या बरोबरीच्या चिन्हाऐवजी `compare_digest` वापरले आहे, कारण साधी तुलना पहिले न जुळणारे अक्षर भेटताच थांबते, आणि लागलेल्या वेळेवरून ठसा किती अक्षरांपर्यंत जुळला याचा अंदाज बांधण्यास वाव मिळतो.

सही जुळल्यानंतर ऑर्डरचा क्रमांक, रक्कम आणि चलन ही तिन्ही डेटाबेसमधील नोंदीशी ताडून पाहावीत. तोच संदेश दुसऱ्यांदा आला तर वस्तू दुसऱ्यांदा जाता कामा नये, म्हणून प्रत्येक संदेशाचा स्वतःचा क्रमांक नोंदवून ठेवावा. गेटवे उत्तर न मिळाल्यास संदेश पुन्हा पाठवतात, त्यामुळे दुबार संदेश ही हल्ल्याची खूण असेलच असे नाही. त्याने नुकसान होऊ नये एवढे पाहायचे.

किल्लीबद्दलही चित्रातच लिहावे. चाचणीच्या आणि प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर एकच किल्ली ठेवलेली असेल, तर चाचणीच्या गेटवेने खोट्या कार्डावर दिलेला ‘यशस्वी’ संदेश प्रत्यक्ष दुकानातही खरा ठरतो. चित्रात चाचणीचा गेटवे सहसा नसतोच. किल्ली हा स्वतंत्र साठा म्हणून दाखवून तिथून निघणारे बाण काढले, की तो आपोआप चित्रात येतो.

साठलेल्या माहितीतील फेरफार

आतापर्यंत आपण चालत्या माहितीकडे पाहिले. थांबलेली माहितीही बदलते, आणि तिथे सही अनेकदा मदतीला येत नाही. ग्राहकाने १०४२ चे पैसे भरण्याचे पान एका टॅबमध्ये उघडून ठेवले. त्यावर ९०० ही रक्कम सहीनिशी आहे. मग दुसऱ्या टॅबमध्ये त्याच ऑर्डरमध्ये आणखी पाच वस्तू घातल्या, आणि नंतर पहिल्या टॅबमध्ये पैसे भरले. एकही सही मोडलेली नाही, एकही बाण छेडलेला नाही, तरी ९०० भरून अधिक किमतीच्या वस्तू निघाल्या. तपासणी आणि वापर यांच्या मधल्या वेळात साठ्यातील नोंद बदलली गेली आहे. यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही हवेत: सही करताना ऑर्डर गोठवावी, म्हणजे नंतर वस्तू घातल्या तर नवी ऑर्डर तयार व्हावी, आणि सातव्या बाणाने निकाल आल्यावर रक्कम ऑर्डरच्या त्या क्षणीच्या एकूण रकमेशी ताडावी.

डीएफडीची मर्यादाही इथे दिसते. काळ हा घटक चित्रात नसल्यामुळे हा दोष केवळ बाण पाहून सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक साठ्यापाशी एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो: इथली नोंद कोण कोण, केव्हा केव्हा बदलू शकते? डेटाबेसपाशी हा प्रश्न विचारला, की चित्रात नसलेली माणसे पुढे येऊ लागतात. ग्राहकसेवेतील कर्मचारी एका वेगळ्या पानावरून ऑर्डरची स्थिती हाताने बदलतात. महिन्यातून एकदा कोणीतरी दुरुस्तीसाठी थेट डेटाबेसवर प्रोग्रॅम चालवते. बॅकअपमधून जुन्या नोंदी परत आणता येतात, आणि त्यांत ‘पैसे परत केले’ ही नंतरची नोंद नसते. या प्रत्येकासाठी चौकोन आणि बाण चित्रात यायला हवेत. मला तरी पहिल्या बैठकीतील चित्र या वाटांसकट पूर्ण झालेले आठवत नाही; प्रणाली रोज चालवणारी व्यक्ती बैठकीत असेल तेव्हाच त्या समोर येतात.

रांगेचे उदाहरण याच जातीचे आहे. पाठवणीच्या संदेशात वस्तूंची पूर्ण यादी आणि घराचा पत्ता असेल, तर रांगेत लिहू शकणारा कोणताही प्रोग्रॅम, किंवा त्या प्रोग्रॅममध्ये शिरलेला हल्लेखोर, कोणत्याही पत्त्यावर कोणतीही वस्तू पाठवू शकतो. संदेशात फक्त ऑर्डरचा क्रमांक ठेवला, आणि पाठवणीच्या प्रोग्रॅमने यादी, पत्ता व पैसे मिळाल्याची स्थिती स्वतः डेटाबेसमधून वाचली, तर खोटा संदेश टाकूनही फारसे काही साधत नाही. अर्थात यामुळे सगळा भार डेटाबेसवर येतो, आणि ‘पैसे मिळाले’ ही स्थिती कोण लिहू शकतो हा प्रश्न अधिक कळीचा होतो. ती लिहिण्याची परवानगी फक्त वेबहुक हाताळणाऱ्या भागाला देता आली, तर द्यावी. मग चित्रात त्या भागासाठी वेगळे वर्तुळ येते आणि वेबसर्व्हर व त्याच्यामध्ये आणखी एक सीमा आखता येते.

चित्रावरून चाचणीकडे

सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक बाणापाशी आता तीन नोंदी असायला हव्यात: कोणते रकाने बदलले जाऊ शकतात, तो बदल कोणत्या प्रोग्रॅममध्ये कोणत्या जागी पकडला जातो, आणि ते खरोखर पकडले जाते हे कोणत्या चाचणीने कळते. दुसरी नोंद लिहिताना ‘गेटवे तपासतो’ किंवा ‘फ्रेमवर्क बघून घेते’ असे उत्तर आले, तर ती जागा मोकळीच आहे असे धरावे, जोपर्यंत कोणी ती तपासणी उघडून दाखवत नाही. दोन्ही बाजूंना ‘समोरचा तपासत असेल’ असे वाटते, तेव्हा सीमेवर कोणीच उभे नसते.

तिसरी नोंद बहुतेक वेळा रिकामी सापडते, कारण चाचण्या योग्य माहिती देऊन घेतलेल्या असतात. इथे उलटे करावे लागते. आपल्या उदाहरणात चाचण्या अशा होतील: चौथ्या बाणावरील रकमेचा एक अंक बदलून गेटवे नाकारतो का ते पाहायचे, पैसे न भरता सहाव्या बाणाचा पत्ता हाताने उघडून ऑर्डरची स्थिती ‘बाकी’ राहते का ते पाहायचे, १०४३ चा खरा निकाल १०४२ च्या पानावर द्यायचा, वेबहुकच्या मजकुरातील एक अक्षर बदलायचे, तोच वेबहुक दोनदा पाठवायचा, दोन टॅब उघडून पैसे भरण्याच्या मध्येच ऑर्डर वाढवायची, आणि न भरलेल्या ऑर्डरचा क्रमांक थेट रांगेत टाकून पाठवणीचा प्रोग्रॅम थांबतो का ते पाहायचे. यांपैकी एखादी चाचणी घेता येत नाही असे आढळले, तर बहुधा चित्रातील तो बाण अजूनही प्रत्यक्ष वाटेने काढलेला नसतो, आणि तिथून पुन्हा फळ्याकडे जावे लागते.

या चाचण्या प्रणालीत बदल झाल्यावर आपोआप पुन्हा चालाव्यात, पण चित्र मात्र हातानेच बदलावे लागते. चित्र केव्हा बदलायचे याची खूण सोपी आहे: नवा बाण सीमा ओलांडतो तेव्हा, एखाद्या साठ्यात लिहिणाऱ्यांच्या यादीत नवे नाव येते तेव्हा, किंवा आधी सर्व्हरवर होणारा हिशेब ब्राउझरमध्ये हलवला जातो तेव्हा. शेवटचा बदल पान जलद व्हावे म्हणून चांगल्या हेतूने केला जातो. उदाहरणार्थ, सवलतीचा हिशेब ब्राउझरमध्ये नेला आणि पहिल्या बाणावर ‘सवलतीनंतरची रक्कम’ हा एक नवा रकाना आला, तर कोडमधला हा चार ओळींचा बदल चित्रात एक नवी फेरफाराची खूण मागतो. आणि ती खूण केली की सर्व्हरने सवलतीचा कोड घेऊन हिशेब स्वतः पुन्हा करायला हवा, हेही त्याच वेळी कळते.